वीस शब्दांत गाडी: जुन्या गाड्यांच्या डीलरने छोटी जाहिरात कशी लिहावी

जुन्या गाड्यांचे डीलर आमच्या खिडकीवर जाहिरात द्यायला येतात तेव्हा बहुतेकांच्या कागदावरचा पहिला शब्द ‘सुवर्णसंधी’ असतो. तोच शब्द काही जण उद्गारचिन्हासकट दोनदा लिहितात. त्याचे पैसे शब्दागणिक मोजले जातात, आणि तो वाचून कुणी फोन उचलत नाही. मी सांगलीत दैनिकांच्या छोट्या जाहिराती घेणाऱ्या एजन्सीत बसतो. डीलरांच्या चुका ठरलेल्या असतात. दुकानाच्या पाटीवरचा मजकूर जाहिरातीत येतो, सगळ्या गाड्या एकदम येतात आणि किंमत मात्र येत नाही. मग तक्रार असते की फोन खूप आले पण गिऱ्हाईक एकही आलं नाही.

छोटी जाहिरात गाडी विकत नाही. गाडी तुमच्या यार्डात, टायरला लाथ मारून आणि बॉनेट उघडून विकली जाते. जाहिरातीचं काम एवढंच, की ज्याला ती गाडी घ्यायची आहे त्याने फोन करावा आणि ज्याला घ्यायची नाही त्याने करू नये. शब्द ठेवायचा की उडवायचा हे ठरवताना हे एकच माप लावा.

टप्पा १: आधी दर विचारा, मग पेन उचला

मजकूर लिहून आणायचा आणि खिडकीवर दर विचारायचा, हा उलटा क्रम आहे. शब्द कसे मोजतात हे कळल्याशिवाय मजकूर लिहिताच येत नाही. प्रत्येक दैनिकाची आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीची रीत वेगळी असते. म्हणून या गोष्टी आधी विचारून घ्या:

- किमान किती शब्दांचे पैसे घेतात आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला किती?
- मोबाइल नंबर एक शब्द धरतात का? ‘मो.’ वेगळा मोजतात का?
- जोडरेघ असलेला शब्द एक की दोन?
- पहिला शब्द ठळक छापतात का, आणि त्याचे जादा पैसे आहेत का?
- जाहिराती अकारविल्ह्याने लावतात की आल्या क्रमाने?
- मजकूर किती वाजेपर्यंत द्यायचा?

वर ५ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा. या लेखात मी २० शब्दांना ४०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला २० रुपये असा दर धरला आहे. हा कुठल्याही दैनिकाचा दर नाही, हिशेब कळावा म्हणून घेतलेला आकडा आहे. तिथे तुमच्या आवृत्तीचा दर घाला.

काही ठिकाणी पैसे शब्दांवर नसून ओळींवर असतात. तिथे खेळच बदलतो. लांबलचक जोडशब्द ओळीत मावला नाही तर खालच्या ओळीवर जातो आणि वरची जागा रिकामी राहते, तिचेही पैसे तुम्ही भरलेले असतात. ओळीचा दर असेल तर शब्द सोडा आणि एका ओळीत साधारण किती अक्षरं बसतात ते विचारा.

सावधान: मजकूर ४०-५० शब्दांवर जात असेल तर चौकटीतली, चौरस सेंटिमीटरवर दर असलेली जाहिरात किती पडते तेही विचारा. तेवढ्याच पैशांत थोडी मोकळी जागा आणि मोठा मथळा मिळू शकतो. हा लेख मात्र चौकट न लागणाऱ्या, २० शब्दांच्या आसपासच्या जाहिरातीसाठी आहे.

टप्पा २: कागदं टेबलावर ठेवा

जाहिरात आठवणीतून लिहू नका. गाडीचं आरसी, विमा पॉलिसी आणि सर्व्हिसच्या पावत्या समोर ठेवा आणि मीटरचा फोटो त्याच दिवशी काढा.

आरसीवर दोन तारखा असतात, गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख. डीलर हटकून दुसरी तारीख सांगतो, कारण ती एक वर्ष नवी दिसते. मागे एक जण वॅगनआर घेऊन आले होते, त्यांनी ‘२०२२’ लिहिलं होतं. आरसी पाहिलं तर गाडी डिसेंबर २०२१ मध्ये बनलेली आणि जानेवारी २०२२ मध्ये पासिंग झालेली. मी २०२१ लिहायला सांगितलं तर म्हणाले, “अहो काका, पासिंग बावीसचंच आहे की! खोटं कुठाय?” खोटं नव्हतंच. पण गिऱ्हाईक यार्डात आल्यावर आरसी हातात घेणारच, आणि ‘एकवीसची आहे की’ म्हणत तिथून पुढे सगळ्याच गोष्टींवर शंका घेणार. घासाघीस दहा हजारांनी वाढते ती अशी. बनल्याचं वर्षच लिहा.

मालक कितवा हे आरसीवर किंवा mParivahan ॲपवर पाहून घ्या. जुना मालक तोंडी काय म्हणाला त्यावर जाऊ नका. बँकेचा बोजा उतरला आहे का आणि ई-चलनं बाकी आहेत का तेही तेव्हाच बघा. बोजा आणि चलनं जाहिरातीत येणार नाहीत, पण फोनवर तीही विचारली जातील.

सीएनजी गाडी असेल तर किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवलेलं, हे मूळ बिलावरून पक्कं करा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात दोन्ही वेळा पेट्रोल-सीएनजीच दिसू शकतं. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं सर्टिफिकेटही हाताशी असू द्या.

तपासा: गाडी तुमच्या ताब्यात आली आहे का? १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरने गाडी मालकाकडून घेतली की तशी सूचना आरटीओला नमुना २९सी भरून द्यावी लागते. ‘मालक उद्या गाडी आणून देतोय’ या भरवशावर जाहिरात देऊ नका. मालकाचं मन बदलतं, जाहिरात छापून येते आणि दिवसभर फोनवर ‘ती गेली’ म्हणत बसावं लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी नव्हतीच, नुसतं गळ टाकला होता.

टप्पा ३: एकच गाडी पुढे करा

यार्डात नऊ गाड्या असतात म्हणून नऊच्या नऊ नावं लिहायची हौस असते. नऊ नावांत एकाही गाडीचं वर्ष, किलोमीटर किंवा किंमत बसत नाही. वाचणाऱ्याला वॅगनआर हवी असली तरी ‘वॅगनआर’ एवढ्या एका शब्दावर तो काय ठरवणार? त्या रकान्यात अशाच आणखी चार वॅगनआर असतात.

एक गाडी निवडा आणि तिच्यावर जवळजवळ निम्मे शब्द खर्च करा. दुसऱ्या दोन गाड्यांचं फक्त नाव द्या आणि बाकीच्या आकड्यात गुंडाळा. पुढे करायची गाडी सगळ्यांत महागडी नको आणि सगळ्यांत चकचकीतही नको. ज्या गाडीला तुमच्या भागात गिऱ्हाईक जास्त आणि जिच्याबद्दल लपवण्यासारखं काही नाही, ती घ्या. आमच्याकडे तासगाव-जतकडच्या माणसाला सीएनजी वॅगनआर किंवा एर्टिगा म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ऑटोमॅटिक सेडान पुढे केलीत तर वाचणारे बघतील, पण फोन मोजकेच येतील.

टप्पा ४: फोनवरचे प्रश्न लिहून काढा

जाहिरात लिहिण्याआधी एका कागदावर मागच्या महिन्यात फोनवर आलेले प्रश्न लिहा. यार्डातल्या पोराला विचारा, कारण फोन तोच उचलतो. प्रश्न साधारण असे निघतात: कितीचं मॉडेल, कितवा मालक, किती फिरली, पासिंग कुठलं, किंमत काय, गॅस कंपनीचा का, लोन होईल का, माझी जुनी घ्याल का.

आता प्रत्येक प्रश्नासमोर दुसरा प्रश्न लिहा: याचं उत्तर नकोसं निघालं तर माणूस फोन ठेवतो का? वर्ष, मालक, किंमत यांवर माणूस फोन ठेवतो. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांवर कुणी ठेवत नाही. फोन ठेवायला लावणारं उत्तर जाहिरातीत हवं, बाकीचं फोनवर सांगता येतं.

किंमतीवर डीलर अडतात. ‘किंमत छापली की गिऱ्हाईक तिथूनच खाली घासायला लागतं’ हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण किंमत न छापता दीड लाखाचं बजेट असलेला माणूसही फोन करतो, पाच मिनिटं बोलतो आणि शेवटी ‘मग बघतो’ म्हणतो. असे पाच-सहा फोन झाले की पोराचा आवाज चढतो आणि खरं गिऱ्हाईक त्याच आवाजाला घाबरून जातं. तेव्हा किंमत छापा, घासायला थोडी जागा ठेवून छापा. ‘निगोशिएबल’ लिहू नका. तुम्ही लिहा अथवा न लिहा, तो घासणारच आहे.

टप्पा ५: मसुदा मांडा आणि काट मारा

हा टप्पा मी एका खऱ्या कागदावरून दाखवतो. नाव आणि नंबर तेवढे झाकले आहेत. वर ज्यांची वॅगनआर आली, त्यांचाच हा मजकूर:

> सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! सर्व प्रकारच्या जुन्या व वापरलेल्या फोर व्हीलर गाड्या अत्यंत वाजवी दरात विकणे आहेत. मारुती वॅगनआर, स्विफ्ट, एर्टिगा तसेच इतर सर्व कंपन्यांच्या गाड्या उत्तम कंडिशनमध्ये उपलब्ध. लोनची सोय केली जाईल. जुन्या गाडीवर एक्स्चेंज ऑफर उपलब्ध. त्वरित संपर्क साधा किंवा प्रत्यक्ष भेटा. अमुक मोटर्स, मिरज रोड, सांगली. मो. ९८××××××××

हे ४९ शब्द झाले. आपल्या दराने २० शब्दांचे ४०० आणि वरच्या २९ शब्दांचे ५८०, म्हणजे ९८०. जीएसटी ४९ रुपये धरून १,०२९ रुपये. एका दिवसाचे.

पहिली काट: रकान्याचं नाव जे सांगतं ते पुन्हा सांगू नका. जाहिरात ‘वाहने विकणे’ या सदरात लागणार आहे. ‘सर्व प्रकारच्या जुन्या व वापरलेल्या फोर व्हीलर गाड्या’ आणि ‘विकणे आहेत’ हे दहा शब्द सदराच्या नावातच आहेत. नवी कोरी गाडी त्या रकान्यात कुणी शोधत नाही. उरले ३९.

दुसरी काट: उलटा शब्द ठेवून पाहा. ‘उत्तम कंडिशन’च्या जागी ‘खराब कंडिशन’ कुणी लिहील का? ‘अवाजवी दरात’ लिहील का? ज्याचा उलटा शब्द कुणीच लिहिणार नाही, तो शब्द काहीच सांगत नाही. दोन्ही सुवर्णसंधी, ‘अत्यंत वाजवी दरात’ आणि ‘उत्तम कंडिशनमध्ये’ असे सात शब्द गेले. उरले ३२. ‘फर्स्टओनर’चा उलटा शब्द ‘थर्डओनर’ मात्र खराच असतो, म्हणून तो शब्द पैसे वसूल करतो.

तिसरी काट: वाचणाऱ्याला काय करायचं ते शिकवू नका. नंबर दिसला की फोन करायचा असतो हे त्याला ठाऊक आहे. ‘त्वरित संपर्क साधा किंवा प्रत्यक्ष भेटा’ आणि ‘मो.’ हे सात शब्द गेले. उरले २५.

चौथी काट: भरताड काढा. ‘तसेच इतर सर्व कंपन्यांच्या गाड्या’ आणि दोन ‘उपलब्ध’, म्हणजे सात. ‘मारुती’ कशाला, वॅगनआर दुसऱ्या कुणाची असते? ‘लोनची सोय केली जाईल’ यात कामाचा शब्द ‘लोन’. ‘जुन्या गाडीवर एक्स्चेंज ऑफर’ यात कामाचा ‘एक्स्चेंज’. एकूण चौदा शब्द गेले.

आता उरले ११: वॅगनआर, स्विफ्ट, एर्टिगा, लोन, एक्स्चेंज, अमुक, मोटर्स, मिरज, रोड, सांगली आणि नंबर. एकोणपन्नासांतले ३८ शब्द गेले आणि माहिती तसूभरही कमी झाली नाही. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला तर ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “मग मी पैसे कशाचे देत होतो?”

अजून एक काट राहिली होती. आवृत्ती सांगली जिल्ह्याची होती. ‘मिरज रोड, सांगली’ऐवजी ‘विश्रामबाग’ म्हटलं की जिल्ह्यातल्या माणसाला जागा कळते, उलट जास्त नेमकी कळते. तीन शब्दांचा एक झाला, उरले ९. हीच जाहिरात कोल्हापूर आवृत्तीत द्यायची असती तर ‘सांगली’ ठेवावं लागलं असतं.

दुकानाचं नाव काढा असं मात्र मी सांगत नाही. नाव काढलं की जाहिरात घरमालकाची वाटते आणि फोनही जास्त येतात, हे खरं आहे. पण समोरचा यार्डात पोचल्यावर फसल्यासारखा होतो आणि तिथूनच परततो. ‘घरगुती वापर, मालक परदेशी’ ही चालही तसलीच.

सावधान: ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ आणि ‘फर्स्टओनर’ हे शब्द खात्री असेल तरच घाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तेवढं लांब जायलाही नको. तक्रार झाली तर गिऱ्हाईकाच्या हातातलं कात्रण हाच पुरावा असतो.

टप्पा ६: मोकळी झालेली जागा भरा

वीस शब्दांचे पैसे तसेही द्यायचेच आहेत, त्यामुळे हाताशी अकरा शब्द आहेत. इथे टप्पा ४ चा कागद काढायचा. फोन ठेवायला लावणारी उत्तरं एकेक करून घालायची:

> वॅगनआर एलएक्सआय सीएनजी कंपनीफिटेड २०२१ एमएच-१० फर्स्टओनर ५४,०००किमी रु.४,९०,०००. स्विफ्ट, एर्टिगासह आणखी ८ गाड्या. लोन, एक्स्चेंज. अमुक मोटर्स, विश्रामबाग. ९८××××××××

मोजून पाहा, बरोबर २० भरतात. ४०० अधिक २० रुपये जीएसटी, म्हणजे ४२०. महिन्यात चार रविवार दिलीत तर १,६८० रुपये. जुन्या मजकुराचे तेवढ्याच रविवारांचे ४,११६ झाले असते.

इथे मराठीचा एक फायदा आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘एर्टिगासह’ हा एकच शब्द आहे आणि तो नियमाने एकच आहे, कुणाला वाद घालता येत नाही. ‘हप्त्यावर’, ‘कागदपत्रांसह’, ‘विम्यासहित’ हेही तसेच. ‘आणि’, ‘तसेच’, ‘सोबत’ यांच्याऐवजी प्रत्यय वापरता येतो का ते आधी बघा.

आकड्यातही शब्द वाचतो. ‘४.९० लाख’ हे दोन शब्द, ‘रु.४,९०,०००’ हा एक. ‘रु.’ आणि आकडा यांत जागा सोडायची नाही. ₹ हे चिन्ह शक्यतो टाळा. काही दैनिकांचे जुने फाँट ते ओळखत नाहीत आणि छापताना तिथे चौकोन किंवा रिकामी जागा येते. मग ४,९०,००० ही किंमत की किलोमीटर, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

‘कंपनीफिटेड’, ‘फर्स्टओनर’, ‘५४,०००किमी’ हे जोडलेले शब्द खिडकीवरचा माणूस एक धरेल की दोन, ते त्याच्यावर आहे. तिन्ही फोडले आणि ‘एमएच-१०’चेही दोन मोजले तर चार शब्द वाढतात, म्हणजे जीएसटी सोडून ८० रुपये. म्हणूनच टप्पा १ आधी. फोडतच असेल तर ‘एलएक्सआय’ आणि ‘आणखी’ काढा. फोन त्यामुळे कमी होणार नाहीत.

सावधान: चिकटवाचिकटवी हाताबाहेर जाऊ देऊ नका. एकाने ‘लोनएक्स्चेंजउपलब्ध’ असा शब्द करून आणला होता. पैसे एकाच शब्दाचे लागले असते, पण चहा पिता पिता पेपर चाळणारा माणूस तिथे अडखळतो आणि खालच्या जाहिरातीवर जातो. मोठ्याने एका दमात वाचता येत नसेल तर तो शब्द फोडा.

टप्पा ७: क्रम लावा

गाडीचं नाव पहिलं. अपवाद नाही. वाचणारा बोट ठेवून खाली येतो तेव्हा फक्त पहिला शब्द बघतो, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढाच ठळक असतो. दुकानाचं नाव पहिलं लिहिलंत तर ठळक शाई दुकानाला मिळते, आणि तो दुकान शोधत नसतो. अकारविल्ह्याने जाहिराती लागत असतील तर ‘वॅगनआर’ पार खाली जाते ही खरी अडचण आहे. तशा दैनिकात ‘एर्टिगा’ किंवा ‘आय-२०’ पुढे करता येते, अर्थात गाडी तेवढी चांगली असेल तर. नुसतं वर येण्यासाठी ‘आकर्षक’ लावू नका.

नावामागून प्रकार, इंधन, वर्ष, पासिंग, मालक, किलोमीटर, किंमत. गाडी बघणारे याच क्रमाने विचारतात. नंबर शेवटी, कारण पेनाने खूण तिथेच करतात.

टप्पा ८: नंबर आणि प्रूफ

वीस शब्दांतले एकोणीस बरोबर असले आणि विसावा चुकला तर सगळे पैसे पाण्यात. हा विसावा शब्द म्हणजे नंबर.

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. एका डीलरने हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर नंबराच्या शेवटी ४१ होतं, देवनागरीत. टाइप करणाऱ्या मुलीने ते इंग्रजी आकडे समजून ८९ केलं. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ, देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ, घाईत लिहिलेले असले तर ओळखू येत नाहीत. रविवारभर कुणा भलत्याच माणसाला गाड्यांचे फोन गेले. सोमवारी तो बिचारा आमच्याकडे आला नाही, डीलर आला. पुढची जाहिरात आम्ही आमच्या खर्चाने दिली.

तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठी चालत नाही. मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून मागतो, त्याखाली नंबर अक्षरात: नऊ, आठ, आणि पुढे. तुम्हीही तसंच करा. तयार मजकुराचा फोटो परत मागवा आणि त्यातला नंबर बघून, पाठ असलेला नव्हे, दुसऱ्या फोनवरून लावून पाहा. तुमचा फोन वाजला तरच ‘ओके’ म्हणा.

तपासा: किंमतीतली शून्यं मोजा. वर्ष आरसीशी ताडा. ‘एमएच-१०’चं ‘एमएच-१२’ झालं तर पुण्याची गाडी समजून माणूस एनओसीचं विचारत बसतो.

टप्पा ९: वार आणि वेळ

रविवारी जाहिरात आणि रविवारीच यार्ड बंद, हा प्रकार मी दर महिन्याला बघतो. रविवारी सकाळी आठ ते अकरा फोन जास्त येतात. तेव्हा नंबर दुकानाच्या कुलूपबंद टेबलात असेल तर जाहिरात दिली काय, न दिली काय. ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे गाडीची सगळी माहिती कागदावर असू द्या.

पितृपंधरवड्यात पैसे घालवू नका. गाडी आवडली तरी लोक टोकन दसऱ्यालाच देतात. त्याऐवजी घटस्थापनेपासून सलग तीन जाहिराती द्या. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीही तसंच. सलग दिवसांच्या पॅकेजमध्ये सवलत मिळत असेल तर आधी एक गोष्ट विचारा: मधल्या दिवशी मजकूर बदलता येतो का?

टप्पा १०: छापून आल्यावर वही उघडा

फोन येईल तसा एका वहीत लिहा: वेळ, कुठल्या पेपरात पाहिलं, पहिला प्रश्न काय विचारला, आला की नाही. चार रकाने पुरेत. दोन रविवारांनंतर ‘पहिला प्रश्न’ हा रकाना वाचा. एकच प्रश्न पुन्हापुन्हा दिसला तर त्याचं उत्तर जाहिरातीत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो शब्द आत घ्या आणि ज्याबद्दल कुणी बोललंच नाही तो बाहेर काढा. वॅगनआरवाल्यांच्या वहीत निम्मे लोक ‘टाकीची टेस्टिंग झालीय का?’ विचारत होते. आम्ही ‘एलएक्सआय’ काढून ‘टेस्टेड’ घातलं आणि जाहिरात अशी झाली: ‘वॅगनआर सीएनजी कंपनीफिटेड टेस्टेड २०२१…’. शब्द तेवढेच, पैसे तेवढेच.

फोन भरपूर, पण येणारं कुणी नाही असं दिसलं तर किंमत किंवा वर्ष चुकलं आहे किंवा छापलंच नाही. फोनच नाहीत तर आधी नंबर लावून बघा, मग पुढे केलेली गाडी बदला.

आणि गाडी बुधवारी गेली तर बुधवारीच एजन्सीला फोन करा. मुदतीच्या आत असाल तर आम्ही रविवारच्या मजकुरात वॅगनआर काढून स्विफ्ट पुढे घेतो. तिचं वर्ष, किलोमीटर आणि किंमत तेवढी आरसी समोर ठेवून सांगा, आणि ‘आणखी ८’चं ‘आणखी ७’ करायला विसरू नका.